तीन मिनिटांची दरी: हरवलेल्या आयतालेखाचं वर्णन लिहिताना

प्रथम वर्षाच्या संख्याशास्त्राच्या माझ्या नोट्समधल्या सगळ्या आकृत्या एका सुट्टीत गायब झाल्या. मुळात त्या फाइलमध्ये नव्हत्याच. एका ऑनलाइन साठवणीत होत्या आणि फाइलमध्ये त्यांचे दुवे तेवढे होते. ती सेवा बंद पडली आणि प्रत्येक आकृतीच्या जागी तुटक्या चित्राची खूण आणि शेजारी `Rplot03.png` असलं काहीतरी नाव उरलं. खाली माझीच ओळ: ‘आकृतीवरून स्पष्ट दिसते की वितरण द्विशिखरी आहे.’

वर्गात एक मुलगा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतो. त्याला हे सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणाला, “मॅडम, मला तर पहिल्यापासून आरप्लॉट झिरो थ्री डॉट पीएनजी एवढंच ऐकू येतंय. आता बाकीचेही माझ्याच रांगेत आले.”

चित्र परत काढणं हे किरकोळ काम होतं, ते मी केलंच. पण त्याच्या बोलण्यामुळे ठरवलं की प्रत्येक चित्राखाली असं वर्णन लिहायचं, की चित्र पुन्हा गेलं तरी वर्णनावरून ते कागदावर काढता यावं. ‘द्विशिखरी आहे’ ही ओळ त्या कसोटीला अजिबात उतरत नव्हती. दोन शिखरं आहेत हे कळलं, पण ती कुठे, किती उंच, मध्ये काय, हे सांगितलेलंच नाही. ते वाक्य शेजारी चित्र आहे असं गृहीत धरून लिहिलेलं होतं.

पहिली आकृती ओल्ड फेथफुलची. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातलं हे गरम पाण्याचं नैसर्गिक कारंजं. ते ठरावीक अंतराने उसळतं, म्हणून त्याचं नाव तसं पडलं. प्रत्येक उद्रेक किती मिनिटं चालला आणि पुढच्यासाठी किती थांबावं लागलं, अशा २७२ नोंदी ‘आर’ या संगणकीय भाषेत `faithful` नावाने तयार मिळतात. जगभरातले संख्याशास्त्राचे मास्तर वर्षानुवर्षं त्या वापरत आले आहेत, मीही त्यातलीच. हरवलेला आयतालेख उद्रेकाच्या कालावधीचा होता. चित्र न काढताही त्याचे आकडे मागता येतात:

```r
h <- hist(faithful$eruptions, plot = FALSE)
h$breaks
# 1.5 2.0 2.5 3.0 3.5 4.0 4.5 5.0 5.5
h$counts
# 55 37 5 9 34 75 54 3
```

आयतालेख म्हणजे या दोन ओळीच. बाकी रंग, रेघा, मथळा ही सजावट. म्हणून वर्णनाचा पहिला मसुदा यावरूनच केला: आडव्या अक्षावर कालावधी, दीड ते साडेपाच मिनिटं, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे ८ वर्ग. डावीकडे दोन उंच स्तंभ, ५५ आणि ३७. मग एकदम घसरण, ५ आणि ९. नंतर चढ, ३४ आणि ७५, मग ५४, आणि शेवटी ३ चा बुटका स्तंभ.

हा मसुदा मी भूगोल शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांना फोनवर वाचून दाखवला आणि समोर आलेखाचा कागद घेऊन बसायला सांगितलं. त्यांना मूळ चित्र माहीत नव्हतं, तेच हवं होतं. सरांनी अक्ष आखले, स्तंभ काढायला घेतले आणि थांबले. “बरोबर दोन मिनिटं चाललेला उद्रेक पहिल्या स्तंभात धरलाय की दुसऱ्या? नकाशाच्या सूचीतही हीच भानगड असते, म्हणून विचारतो.”

प्रश्न बारीक वाटतो, पण आपल्याकडच्या विद्यार्थ्याला तो हमखास अडवणारा आहे. शाळेत आपण शिकतो की १०–२० आणि २०–३० असे वर्ग असतील तर २० हा गुण १०–२० मध्ये नाही, २०–३० मध्ये मोजायचा. म्हणजे वर्गाची खालची सीमा आत, वरची बाहेर. ‘आर’चं `hist` सांगितलं नाही तर नेमकं उलट करतं: वरची सीमा आत धरतं. पायथॉन भाषेतलं नमपाय हे पॅकेज मात्र आपल्या शाळेसारखं वागतं, फक्त सगळ्यात शेवटच्या वर्गात दोन्ही सीमा आत घेतं. म्हणून मी `right = FALSE` देऊन पुन्हा मोजलं. आता आकडे आले ५१, ४१, ५, ७, ३०, ७३, ६१ आणि ४. नोंदी त्याच, वर्गांची रुंदी तीच, सीमाही त्याच. तरीही ५४ चा स्तंभ ६१ झाला आणि पहिला ५५ वरून ५१ वर आला.

दोन्ही यादी शेजारी ठेवून वजाबाकी केली तर सीमेवर बसलेल्या नोंदी सापडतात. बरोबर २ मिनिटांच्या ४, साडेतीनच्या २, चारच्या ६, साडेचारच्या ८ आणि पाचची १. अडीच आणि तीनवर एकही नाही. म्हणजे २७२ पैकी २१ नोंदी अगदी रेघेवर बसल्या आहेत. इतक्या का? नोंदींत १.८६७ सारखे तीन दशांश स्थळांचे आकडे दिसतात, त्यामुळे मोजमाप फार काटेकोर असावं असा भास होतो. पण १.८६७ मिनिटं म्हणजे फक्त ११२ सेकंद, मिनिटांत रूपांतर केलेले. मूळ नोंद सेकंदांत होती, आणि ‘आर’च्या मदतपानावरच लिहिलं आहे की तिच्यात पाचाच्या पटीतले आकडे अपेक्षेपेक्षा जास्त आहेत. माणूस घड्याळ बघून वेळ टिपतो तेव्हा आकडा पाचाच्या पटीकडे ओढतोच. अर्ध्या मिनिटाची प्रत्येक सीमा म्हणजे १२०, १५०, १८० असे सेकंद, सगळे पाचाच्या पटीतले. तेव्हा सीमेवर गर्दी होणारच.

त्यामुळे वर्णनात एक वाक्य वाढलं: ‘वर्गाची वरची सीमा त्याच वर्गात मोजली आहे.’ माझ्या मते आयतालेखाच्या वर्णनातलं हे सगळ्यात उपेक्षित वाक्य आहे. ते नसेल तर आकडे पडताळून बघणाऱ्याला वर्णन चुकीचं वाटतं आणि कुठे चुकलं हेही सापडत नाही.

मग वर्गांच्या रुंदीचा विषय आला. ८ स्तंभांचे ८ आकडे ऐकताना लक्षात राहत नाहीत, असं सरांचं म्हणणं पडलं. एकेका मिनिटाचे वर्ग केले तर वाक्य सुटसुटीत होईल. सूचना रास्त होती, म्हणून तसं करून बघितलं. १ ते २ मध्ये ५५, २ ते ३ मध्ये ४२, ३ ते ४ मध्ये ४३, ४ ते ५ मध्ये १२९ आणि त्यापुढे ३.

हे आकडे मोठ्याने वाचा. पंचावन्न, बेचाळीस, त्रेचाळीस, एकशे एकोणतीस, तीन. यात दरी कुठे आहे? ऐकणाऱ्याला वाटेल की बऱ्यापैकी सपाट सुरुवात आहे आणि चार ते पाच मिनिटांत एकच मोठं शिखर आहे. अडीच ते साडेतीन या पट्ट्यात जेमतेम १४ उद्रेक आहेत, पण ३ वर रेघ मारल्याने दरीचे दोन तुकडे झाले. डावा तुकडा दोन-अडीचच्या गर्दीत मिसळला आणि उजवा साडेतीन-चारच्या. दोन्ही स्तंभ भरलेले दिसतात आणि रिकामी जागा नाहीशी होते. आकडा एकही खोटा नाही आणि चित्र मात्र साफ वेगळं.

म्हणून रुंदी अर्धा मिनिटच ठेवली आणि ओझं दुसऱ्या तऱ्हेने कमी केलं. आधी आकार सांगायचा, मग आकडे. आणि आकार सांगताना शिखरांच्या आधी दरी सांगायची, कारण या चित्रातली खरी गोष्ट तीच आहे. नोट्समध्ये आता असं आहे:

‘ओल्ड फेथफुलच्या २७२ उद्रेकांचा कालावधी, मिनिटांत. वर्ग अर्ध्या मिनिटाचे, दीडपासून साडेपाचपर्यंत. वर्गाची वरची सीमा त्याच वर्गात मोजली आहे. अडीच ते साडेतीन मिनिटांच्या दरम्यान जवळजवळ रिकामी दरी आहे: तिथल्या दोन वर्गांत मिळून १४ उद्रेक. दरीच्या डावीकडे दोन स्तंभांत ९२ उद्रेक. त्यात दीड ते दोनचा स्तंभ उंच, ५५. उजवीकडे चार स्तंभांत १६६; सर्वांत उंच चार ते साडेचारचा, ७५. डावीकडून स्तंभांची उंची: ५५, ३७, ५, ९, ३४, ७५, ५४, ३.’

यावरून सरांनी काढलेलं चित्र मी माझ्या पडद्यावरच्या चित्राशी ताडून बघितलं. जुळलं. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या मुलाने वेगळाच फायदा काढला. त्याने आकडे एका स्तंभात टाकून बेरीज केली आणि २७२ येते का बघितलं. वर्णनात एकूण संख्या सांगितली की ऐकणाऱ्याला अशी पडताळणी करता येते, हे मला त्याच्याकडून कळलं.

दुसरी हरवलेली आकृती त्याच नोंदींच्या बॉक्स प्लॉटची होती. ही सोपी जाईल असं वाटत होतं, कारण बॉक्स प्लॉटला पाच आकडे पुरतात. `summary(faithful$eruptions)` लिहिलं की ते मिळतात: किमान १.६, पहिला चतुर्थक २.१६, मध्यक ४, तिसरा चतुर्थक ४.४५, कमाल ५.१. खोका २.१६ ते ४.४५, त्यात ४ वर आडवी रेघ, दोन्हीकडे टोकाच्या नोंदींकडे जाणाऱ्या रेघा म्हणजे मिशा, आणि फार दूर पडलेली नोंद, म्हणजे आउटलायर, एकही नाही.

आता खोक्याच्या आत काय आहे ते बघा. पहिल्या आणि तिसऱ्या चतुर्थकामध्ये निम्म्या नोंदी असतात, म्हणून आपण मुलांना सांगतो की खोका म्हणजे ‘मधली गर्दी’. इथे खोक्याची लांबी सुमारे २.३ मिनिटं आहे आणि त्यातलं एक अख्खं मिनिट, अडीच ते साडेतीन, ही आपली दरी आहे. ज्या पट्ट्यात उद्रेक इतके विरळ, नेमका तोच खोक्याच्या पोटात, भरीव रंगवलेला. सरासरीही ३.४९, म्हणजे दरीच्याच काठावर. ‘सरासरी उद्रेक साडेतीन मिनिटांचा’ म्हणावं, तर तसे उद्रेक फारसे होतच नाहीत.

नोंदी किती पसरल्या आहेत हे लिहिताना याचा त्रास झाला. पाठ्यपुस्तकी पद्धतीने लिहायचं तर आंतरचतुर्थक विस्तार २.२९ मिनिटं, मध्यक खोक्यात वरच्या बाजूला सरकलेला, म्हणून वितरण खालच्या बाजूला लांबलेलं. प्रत्येक शब्द बरोबर आहे. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, किंवा बोटांखाली म्हणा, येतो तो एकच ढीग, खाली शेपूट असलेला. प्रत्यक्षात ढीग दोन आहेत आणि २.२९ हा आकडा प्रामुख्याने त्या दोघांतलं अंतर मोजतो, कुठल्याच ढिगाचा पसरटपणा नाही. तेव्हा बॉक्स प्लॉटच्या वर्णनात मी आधी पाच आकडे दिले आणि लगेच लिहिलं की या खोक्यात दरी दिसत नाही, ती आयतालेखात बघावी. तीन मिनिटांवर दोन भाग केले तर ९७ लहान उद्रेक साधारण दोन मिनिटांच्या आसपास आहेत आणि १७५ मोठे साधारण सव्वाचारच्या आसपास. लहान उद्रेकात जमिनीखालचं पाणी आणि उष्णता कमी खर्च होते, त्यामुळे पुढचा उद्रेक लवकर येतो. मोठ्यानंतर जास्त थांबावं लागतं. दोन ढीग नोंदीतला योगायोग नाहीत, कारंज्याची तऱ्हाच तशी आहे.

यावर त्या मुलाने विचारलं, “मग तीन मिनिटांचा उद्रेक आउटलायर का नाही? तोच तर सगळ्यात विचित्र आहे.”

आउटलायरचा जो नियम आपण वापरतो तो जॉन ट्युकी यांचा: खोक्याच्या लांबीच्या दीडपट अंतर दोन्ही टोकांपासून बाहेर मोजायचं, त्यापलीकडे जे पडेल ते ठिपक्याने दाखवायचं. इथे दीडपट म्हणजे ३.४४. वरचं कुंपण ७.८९ मिनिटांवर जातं आणि खालचं उणे १.२७ वर. उणे कालावधीचा उद्रेक होऊच शकत नाही, म्हणजे खालच्या बाजूने हा नियम कधी काही पकडेल याची शक्यताच नाही. आणि तो बघतो फक्त टोकांकडे. मधली रिकामी जागा त्याच्या हिशेबातच नाही. तीन मिनिटांचा उद्रेक दुर्मीळ आहे, पण तो मध्यभागी दुर्मीळ आहे. त्याला पकडायला वर्ग मोजावे लागतात.

म्हणून ‘आउटलायर नाहीत’ एवढं लिहून मी थांबले नाही. ‘दीडपटीच्या नियमाने आउटलायर नाहीत; कुंपणं –१.२७ आणि ७.८९’ असं लिहिलं. नियम कुठला आणि कुंपण कुठे हे दिलं, की त्या ‘नाहीत’चा अर्थ किती घ्यायचा हे वाचणारा ठरवू शकतो.

आउटलायर खरोखर असलेली आकृती पुढच्या प्रकरणात होती: उत्तर अमेरिकेतल्या १४१ प्रमुख नद्यांची लांबी, मैलांत. ‘आर’मध्ये ही यादी `rivers` नावाने आहे. मध्यक ४२५, चतुर्थक ३१० आणि ६८०, किमान १३५, कमाल ३,७१०. खोक्याची लांबी ३७०, तिची दीडपट ५५५, म्हणून वरचं कुंपण १,२३५.

```r
sort(boxplot.stats(rivers)$out)
# 1243 1270 1306 1450 1459 1770 1885 2315 2348 2533 3710
```

इथे सरांनी मिशी १,२३५ पर्यंत ओढली. बहुतेक जण ओढतात. मिशी कुंपणापर्यंत जात नाही. कुंपणाच्या आतल्या शेवटच्या नोंदीपर्यंत जाते, आणि ती नोंद १,२०५ आहे. कुंपण चित्रात काढलेलंच नसतं. म्हणून वर्णनात कुंपणाचा आकडा आणि मिशीचं टोक दोन्ही वेगवेगळे द्यावे लागतात.

‘११ आउटलायर’ हेही अपुरंच. ते कसे पसरले आहेत ते सांगायला हवं. १,२४३ ची नदी कुंपणाच्या जेमतेम ८ मैल पलीकडे आहे आणि १,२०५ ची आत. नदी म्हणून त्या दोघींत काही फरक नाही, रेघ मध्ये पडली इतकंच. पुढचे ठिपके विरळ होत जातात, २,३१५ ते २,५३३ मध्ये तिघी, आणि मग मोठं अंतर सोडून ३,७१० वर एकटी. ती मिसिसिपी आणि मिझूरी मिळून एकत्र मोजलेली लांबी आहे. चूक नाही, मोजायची पद्धत आहे. उपनदीचा उगम धरायचा की मुख्य नदीचा यावर तो ठिपका सरकतो. (आपली गोदावरी १,४६५ किलोमीटर, म्हणजे सुमारे ९१० मैल, ती या यादीत असती तर मिशीच्या आत बसली असती.) वर्णनात मी ठिपक्यांचे तीन गट केले: कुंपणालगतचे, मधले आणि तो एकटा. ११ आकडे सलग ऐकण्यापेक्षा हे बरं पडतं आणि कुठला ठिपका कशामुळे तिथे आहे हेही सांगता येतं.

शेवटची आकृती मात्र परत आणता आली नाही. एका जुन्या तुकडीच्या अंतर्गत परीक्षेच्या गुणांचा तो आयतालेख होता. गुणांची यादी उरलेली नाही. मजकुरात किमान, कमाल, मध्यक आणि दोन चतुर्थक तेवढे लिहिलेले सापडले. एवढ्यावरून बॉक्स प्लॉट काढता येतो, तो काढला. आयतालेख कसा होता हे मला अंधुक आठवतं, निदान एक शिखर होतं असं वाटतं. ते मी लिहिलं नाही. ओल्ड फेथफुलचे पाच आकडे हातात असताना दरीचा पत्ता लागत नव्हता, तर इथे पाच आकड्यांवरून एकच शिखर होतं हे कुठल्या आधारावर सांगणार? त्या जागी आता पाच आकडे आहेत, बॉक्स प्लॉटचं वर्णन आहे आणि ‘मूळ गुण उपलब्ध नाहीत; आकार, शिखरं आणि वर्गांबद्दल काही सांगता येत नाही’ अशी एक ओळ आहे.